‘सर, काही अपडेट?’

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रविवारी रात्री आम्ही चौघंच होतो. पावसाने उघडीप दिली होती, पण कट्टा ओला होता, म्हणून बापूकाकांनी पेपर अंथरला. संदीपने बसायच्या आधीच मोबाईल पुढे केला. ‘‘बघा. दोन निळ्या टिक. आठ दिवस झाले, माणूस उत्तर देत नाही.’’

संदीप सोसायट्यांना सीसीटीव्ही बसवून देतो. गेल्या शनिवारी मुलुंडच्या एका सोसायटीत त्याने सोळा कॅमेऱ्यांचं प्रेझेंटेशन दिलं. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि आणखी दोघं हजर होते. तासभर प्रश्न विचारले, चहा पाजला. मग रविवारी, मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी आणि त्या दिवशी सकाळी त्याने सेक्रेटरींना मेसेज केले. पाचही मेसेजमध्ये थोड्याफार फरकाने एकच वाक्य होतं: ‘सर, काही अपडेट?’

मनीषा स्वतः चेंबूरला तिच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, त्यामुळे ती जरा तापलीच. ‘‘अरे, सेक्रेटरीला पगार नसतो. तो सकाळी तुझ्यासारखाच लोकल पकडतो. तू अपडेट विचारतोस, पण त्याच्याकडे अपडेट असणार कुठून? कमिटीची मीटिंग झाल्याशिवाय त्याला एकट्याला काही ठरवता येत नाही. मग तो काय लिहिणार? ‘अजून काही नाही’ असं पाच वेळा?’’

बापूकाकांना हे पटलं नाही. त्यांनी तीस वर्षं पंप विकलेत. ‘‘गप्प बसलं की दुसरा कुणीतरी ऑर्डर उचलतो. मी दर सोमवारी गिऱ्हाइकाकडे जायचोच.’’

‘‘काका, तुम्ही जायचात तेव्हा हातात काय असायचं?’’ मी विचारलं.

काकांनी आठवून सांगितलं, ‘‘कधी सुट्या भागांची यादी, कधी दुरुस्तीचा हिशेब. रिकाम्या हाताने नाही गेलो.’’

माझं म्हणणं नेमकं तेच होतं. किती वेळा गेलात यापेक्षा काय घेऊन गेलात हे महत्त्वाचं. म्हणून संदीपला विचारलं, मीटिंगमध्ये तुला कोणी काय विचारलं होतं? त्याने वही काढली. चेअरमननी विचारलं होतं, ‘महिन्याभराचं रेकॉर्डिंग राहील ना?’ त्यावर संदीपने ‘बघून सांगतो’ असं लिहून ठेवलं होतं. कोटेशनमध्ये हार्डडिस्क होती 4 टीबीची.

मग कट्ट्यावरच हिशेब मांडला. एक कॅमेरा 2 एमबीपीएसने चोवीस तास रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे 21.6 जीबी भरतात. सोळा कॅमेऱ्यांचे झाले साधारण 346 जीबी. म्हणजे 4 टीबीत जेमतेम साडेअकरा दिवस. महिन्याला 10.4 टीबी लागणार, म्हणजे 12 टीबी तरी हवेत. हालचाल झाली तरच रेकॉर्ड होईल असं सेटिंग ठेवलं तर कमी लागेल, पण गेटवरच्या कॅमेऱ्यासमोर दिवसभर हालचाल असतेच.

मनीषा म्हणाली, ‘‘म्हणजे बघ, उत्तर त्यांनी द्यायचं राहिलेलंच नाही. तुझं राहिलंय. आणि विचारतोयस तू त्यांना!’’

संदीप बराच वेळ काही बोलला नाही. माझ्या मते इथेच सगळी गोम आहे. फॉलो-अप टोचतो तो बहुतेक वेळा असाच, आपलं देणं बाकी ठेवून समोरच्याकडे मागायला गेल्यामुळे.

पहिला मेसेज कसा असायला हवा होता यावर फारसा वाद झाला नाही. त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी, चार ओळींचा: मीटिंगमध्ये काय ठरलं, मी काय पाठवणार, कधी पाठवणार. त्यात प्रश्न नको. मनीषाने एक गोष्ट सांगितली जी मला सुचली नसती. हा मेसेज सेक्रेटरी जसाच्या तसा कमिटीच्या ग्रुपवर ढकलतो. म्हणून ‘काल बोललो त्याप्रमाणे’ असं लिहून भागत नाही. जो मीटिंगला नव्हता त्यालाही कळलं पाहिजे. आणि पीडीएफच्या नावात सोसायटीचं आणि तुझं नाव हवं. तिच्या मोबाईलमध्ये नुसत्या ‘कोटेशन फायनल’ नावाच्या चार फाइल आहेत, कुठली कुणाची ते उघडल्याशिवाय कळत नाही.

खरा वाद पेटला तो पुढच्या मेसेजवर. मनीषाच्या हिशेबाने डिस्कचं उत्तर उद्या पाठवायचं आणि मग कमिटीची मीटिंग जवळ येईपर्यंत गप्प राहायचं. संदीप उसळला. ‘‘आणि ती मीटिंग दोन आठवड्यांनी असली तर? तोवर गप्प?’’

‘‘हो. पण आधी तारीख तर विचार,’’ मनीषा म्हणाली. ‘‘ऑगस्ट संपत आलाय. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी काढावी लागते. ठरावीक मर्यादेवरचा खर्च कमिटी स्वतः करू शकत नाही, सभेत मंजूर करून घ्यावा लागतो. तुझा कागद अजेंडा निघाल्यावर आला तर तू रोज मेसेज केलास तरी विषय पुढे जाणारच.’’

बापूकाकांनी इथे तोडगा काढला, आणि तो मला सगळ्यात आवडला. गप्प राहायचं, पण पुढचा मेसेज कधी येणार हे आजच सांगून ठेवायचं. मग तो आला की कटकट वाटत नाही, शब्द पाळला असं वाटतं.

मग संदीपने लिहायला घेतलं आणि मनीषाने खोडायला. ‘आपल्या मौल्यवान वेळेबद्दल’ गेलं. ‘लवकर निर्णय कळवावा’ गेलं. ‘आज बुक केल्यास खास सवलत’ यावर मात्र संदीप अडून बसला. मनीषाने विचारलं, सवलत उद्या खरंच बंद होणार आहे का? नाही. मग काढ. डीलरचा दर खरोखर ठरावीक तारखेपर्यंतच असेल तर ती तारीख लिही, सोसायटीला तिचा उपयोग होतो. खोटी मुदत उलटूनही तोच दर दिलास की पुढचं काहीही खरं मानणार नाहीत. शेवटी उरलं ते असं:

‘नमस्कार. चेअरमनसाहेबांनी महिन्याभराच्या रेकॉर्डिंगबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायला मला उशीर झाला. कोटेशनमधल्या 4 टीबीत 16 कॅमेऱ्यांचं सुमारे 11 दिवसांचं रेकॉर्डिंग राहील. 30 दिवसांसाठी 12 टीबी लागेल. दोन्ही पर्यायांचे दर सोबत जोडले आहेत. कमिटीची पुढची मीटिंग कधी आहे एवढं कळवाल का? तिच्या दोन दिवस आधी दोन्ही पर्यायांची एका पानाची तुलना पाठवतो, सगळ्यांसमोर ठेवायला सोपी जाईल.’

मीटिंगनंतर काय, हे संदीपने विचारलं. मनीषाच्या मते तीन दिवस थांबायचं, कारण इतिवृत्त लिहून व्हायलाही वेळ लागतो. मग एकच मेसेज, एका शब्दात उत्तर देता येईल असा: विषय मंजूर झाला, सभेपुढे गेला, की थांबला? त्यालाही उत्तर नसेल तर दोन आठवड्यांनी शेवटचा, की मी आता विचारत नाही, दर अमुक तारखेपर्यंत आहे, लागेल तेव्हा फोन करा. काकांना हा शेवटचा मेसेज रुसल्यासारखा वाटतो. मला नाही वाटत, पण त्यानंतर खरंच विचारायचं नाही. यावर आमचं एकमत झालं नाही.

जिवंत काम ओळखायचं कसं, यावर मात्र झालं. जीएसटी नंबर मागितला, आधी बसवलेली एखादी सोसायटी बघायला मागितली, दरात घासाघीस केली, की काम जिवंत. तारीख न देता तिसऱ्यांदा ‘कमिटीत विचारून सांगतो’ आलं, की वेळ दुसरीकडे घालवावा.

पावणेअकरा वाजले होते. संदीप पाठवायचं बटण दाबणार तेवढ्यात मनीषाने त्याचा हात धरला. ‘‘रविवारी रात्री नको. आणि दर कुठे जोडलायस?’’

बारा टीबीचा दर त्याच्याकडे नव्हताच. मेसेज त्याने स्वतःलाच पाठवून ठेवला आणि सकाळी दुकान उघडल्यावर लॅमिंग्टन रोडच्या डीलरला फोन करायचा म्हणून वहीत लिहिलं.