तक्रार 'बंद' झाली म्हणजे ती सुटली, असं नाही

बाबांचं 2024-25 या कर निर्धारण वर्षाचं रिफंड 11,200 रुपये होतं. ते बँकेत आलंच नाही. प्राप्तिकर विभागाच्या 2012-13 च्या जुन्या कर मागणीपोटी ते वळतं झालं. मागणी 16,230 रुपयांची होती आणि बाबांच्या मते तो कर त्यांनी केव्हाच भरला होता. भरला होताच. 30 जुलै 2012 चं 14,900 रुपयांचं चलन त्यांच्या फाईलमध्ये जपून ठेवलेलं सापडलं. चूक एवढीच, की त्यावर निर्धारण वर्ष 2013-14 पडलं होतं. त्यामुळे पैसे सरकारकडे जमा होते, पण भलत्याच वर्षाच्या खात्यात. भरलेल्या कराची नोंद दाखवणाऱ्या फॉर्म 26AS मध्ये 2013-14 उघडल्यावर ते तिथे दिसले.

2024 मध्ये सरकारने जुन्या छोट्या मागण्या माफ केल्या, तेव्हा ही का गेली नाही, हा आमचाही प्रश्न होता. 2011-12 ते 2015-16 या निर्धारण वर्षांसाठी मर्यादा प्रत्येकी 10,000 रुपयांची होती. आमची रक्कम त्याहून मोठी.

जानेवारी 2025 मध्ये मी प्राप्तिकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर तक्रार टाकली. लिहिलं होतं भावनेने: बाबा निवृत्त शिक्षक आहेत, कर भरला आहे, रिफंड परत द्या. काही दिवसांत उत्तर आलं, "ही मागणी आपल्या निर्धारण अधिकाऱ्याच्या अखत्यारीत आहे, त्यांच्याशी संपर्क साधा." तक्रार बंद. मला भयंकर राग आला. पण ते उत्तर पुन्हा वाचल्यावर समजलं की त्यात एक उपयोगी गोष्ट आहे. चलनाचं वर्ष बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे त्यात सांगितलं होतं. मी तक्रार चुकीच्या दारावर नेली होती. पोर्टलवर 'Know Your AO' मध्ये पॅन टाकला, की आपला वॉर्ड, म्हणजे आपल्या निर्धारण अधिकाऱ्याचं कार्यालय, कळतो.

त्या वॉर्डाला चलन दुरुस्तीचा लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. त्यानंतर 10 फेब्रुवारीला pgportal.gov.in वर, म्हणजे सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार केली. या वेळी मागणं एकच ठेवलं: चलनाचं वर्ष 2013-14 चं 2012-13 करावं आणि त्यानुसार मागणी दुरुस्त करावी. सोबत चलन, 26AS आणि अर्जाची पोच एकाच पीडीएफमध्ये जोडली.

स्थिती पाहायला नोंदणी क्रमांक आणि तक्रारीत दिलेला मोबाईल किंवा ईमेल लागतो. बहुतेक जण तिथे फक्त 'Under process' वाचून पान बंद करतात. तक्रार सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, तेही तिथेच दिसतं. ते पद आपल्या वॉर्डाशी ताडून पाहा. जुळत नसेल, तर तक्रार पुन्हा भलत्याच टेबलावर आहे आणि तिचं उत्तर काय येणार, ते आधीच ओळखता येतं. तक्रार निकाली काढण्यासाठी ऑगस्ट 2024 पासून 21 दिवसांची मुदत आहे.

आमची तक्रार 24 फेब्रुवारीला बंद झाली. शेरा होता, "अर्जदाराने दुरुस्ती अर्ज करावा." अर्ज तर आम्ही दिलेला होता! अशा वेळी हात शिवशिवतात नवीन तक्रार टाकायला. तसं करू नका. नवीन तक्रार पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होते, कदाचित त्याच टेबलावर. त्याऐवजी त्याच तक्रारीवर अभिप्राय द्या. 'Poor' निवडलं, तरच अपिलाचा पर्याय उघडतो आणि तक्रार बंद झाल्यापासून 30 दिवसांतच अपील करता येतं. अपील वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. 'Average' देऊन सभ्यपणा दाखवणाऱ्यांचा रस्ता तिथेच संपतो, आणि ही अट कोणी मोठ्या अक्षरांत सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. निवृत्त माणसाला हे कसं कळणार?

1 मार्चला आम्ही अपील केलं. बाबांनी त्यात राग लिहू दिला नाही. तीनच वाक्यं होती: अर्ज करायला सांगितलं आहे; तो अमुक तारखेला दिलेला असून पोच जोडली आहे; त्यावर निर्णय झालेला नाही, तो द्यावा. वरच्या अधिकाऱ्याला दोन मिनिटांत तपासता येईल, एवढंच त्यात होतं.

28 मार्चला अपील निकाली निघाल्याचा संदेश आला. मी लगेच आनंद केला नाही. ई-फायलिंगवर लॉगिन करून 'Response to Outstanding Demand' उघडलं, तर मागणी अजून तशीच होती. खरा निकाल तिथे दिसतो, सीपीग्राम्सवर नाही. अकरा दिवसांनी कलम 154 खालचा दुरुस्ती आदेश आला. त्या पानावरची मागणी गेली आणि वळतं केलेले 11,200 रुपये मे महिन्यात बाबांच्या खात्यात जमा झाले.

बाबांनी तो आदेश 2012 च्या चलनामागेच लावून ठेवला आहे.