नव्या कुकरचे रील लिहिताना घ्यावयाची काळजी

दोन शेजारणींच्या संवादातून नव्या प्रेशर कुकरची महती सांगणारे रील लिहायचे असेल, तर आपण प्रथम जुन्या कुकरला रीतसर बदनाम करावे. तूरडाळ शिजताना फेस वर चढतो, म्हणून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये, असे माहितीपत्रकात छापलेले असते. आपण तो पाऊण भरावा आणि झाकणाची कडक झालेली रिंग मुळीच बदलू नये. मग शिट्टीतून पिवळे पाणी उडेल, कडेने वाफ फुसफुसेल आणि सारा दोष विनासायास जुन्या मॉडेलच्या माथी बसेल. त्या क्षणी रश्मीने ओट्याकडे पाहून म्हणावे, "अहो काकू, बघा ना, आजही सगळी डाळ शेगडीवर!"

काकूंनी लगेच उत्तर द्यावे, "अगं रश्मी, माझा त्रिस्तरीय तळाचा नवा कुकर बघ, दहा मिनिटांत वरण तयार!" आजवर कोणत्याही काकूंनी भिंतीपलीकडून 'त्रिस्तरीय तळ' असा शब्दप्रयोग केलेला नाही, ही क्षुल्लक शंका मनात आणू नये. दहा मिनिटे मात्र पहिल्या शिट्टीपासून मोजावीत. वाफ धरेपर्यंतचा आणि नंतर ती आपोआप जिरेपर्यंतचा वेळ संकलनात कापून टाकावा. शिट्टीचे वजन आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एका वातावरणाइतका वाढू देते, त्यामुळे पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते आणि डाळ लवकर शिजते. हे काम जुना कुकरही जवळपास त्याच तापमानाला करत होता, म्हणून एवढे वाक्य संहितेतून अवश्य वगळावे.

रश्मीला प्रश्न विचारू द्यावेत, पण रंगाविषयी. झाकण आतून बसते की बाहेरून, हे तिने विचारू नये. आतून बसणाऱ्या झाकणाला वाफच घट्ट धरून ठेवते, तर बाहेरून बसणारे झाकण वाफ असतानाही जबरदस्तीने फिरवले जाऊ शकते आणि उकळती डाळ अंगावर येते, असे काकू सांगू लागल्या तर तीस सेकंद केव्हाच उलटून जातील. सुरक्षा झडपेचे नावही काढू नये. वाफेची नळी डाळीने तुंबली की शेवटचा आधार तिचाच असतो, पण ती कॅमेऱ्यात देखणी दिसत नाही.

काकूंना कुकर फुकट मिळाला असल्यास 'जाहिरात' हा शब्द मजकुराच्या तळाशी, तिसाव्या हॅशटॅगनंतर लिहावा. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो सहज दिसेल असा लिहायचा असतो, परंतु शेजारधर्मात असे हिशेब शोभत नाहीत.

चित्रीकरण आटोपल्यावर रश्मीने जुन्या कुकरला नवी रिंग बसवली, डाळ निम्म्यापर्यंतच घातली आणि ती व्यवस्थित शिजली, तर तो भाग कोणालाही दाखवू नये.