सात की साठ?

आमच्या पेढीत मेल मराठीतच लिहायचा, हे ठरलेलं आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यवहार करायचा आणि वखारीतल्या माणसाला ‘डिअर सर’ म्हणायचं, हे शेठना पटत नाही. भानगड आहे ती लिपीची. सरकारी कचेऱ्यांना बरं असतं. तिथे १९६४चा राजभाषा अधिनियम आहे आणि त्यात ‘देवनागरी लिपीतील मराठी’ असं लिहूनच ठेवलंय. आम्हाला अधिनियम नाही, नुसते शेठ आहेत.

वखारीवरचा पोरगा कामाला वाघ, पण मेल रोमनमध्ये लिहितो. परवा त्याचा मेल आला: `aaj sat poti halad patvli. baki mal udya.`

सात पोती की साठ? बिल मला करायचं होतं. ‘सात’ असेल तर `sat` बरोबर. पण रोमन मराठीत त, ट, थ, ठ यांना मिळून एकच `t` आहे. त्याला `h` जोडायचा की नाही, हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. मग मी पोलिसी नजरेने मेल पुन्हा वाचला. ‘पाठवली’ला त्याने `patvli` लिहिलंय, म्हणजे हा गडी ठ मधला `h` खातो. तरीही संशयाला जागा होतीच, म्हणून त्याचे जुने मेल काढायला बसलो. शोधात `halad` टाकलं तर निम्मेच मेल आले. बाकीच्यांत हळद कधी `hald` होती, कधी `halud`, तर एकदा चक्क `hlad`. शेवटी एका मेलात सापडलं: `gadi ratri at la ali`. आठ वाजताच्या गाडीचं त्याने `at` केलं होतं. म्हणजे साठ! फोन करून विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात उरकलं असतं, पण तपासाची मजा त्यात नाही.

त्या दिवसापासून मी फतवा काढला की संख्या आकड्यातच लिहायची. आणि त्याच उत्साहात ठरवलं की आपण स्वतः देवनागरीत लिहायचं. दुसऱ्याच दिवशी त्याला मेल टाकला: ‘कृपया उर्वरित माल आज सायंकाळपर्यंत पाठवावा.’

पाचव्या मिनिटाला फोन. आवाज बसलेला.

‘‘साहेब, माझं काय चुकलं का?’’

‘‘नाही रे. का?’’

‘‘न्हाय, मेल मराठीत आला म्हणून. घरी दाखवला तर म्हणाले, नोटीस दिसतीया.’’

रोमनमध्येही मी मराठीच लिहीत होतो, हे त्याला कसं सांगणार? त्याच्या लेखी देवनागरी म्हणजे तहसीलदार, वीज मंडळ आणि लग्नपत्रिका, आणि मेलात लग्नपत्रिका येत नाही. खरं तर निम्मा दोष देवनागरीचा नव्हताच. लिपी बदलली की आपसूक माझ्या हातून ‘कृपया’, ‘उर्वरित’ आणि ‘सायंकाळ’ बाहेर पडले. रोमनमध्ये मी `sandhyakali paryant pathav re` लिहिलं असतं. मग मी देवनागरीतच ‘संध्याकाळपर्यंत पाठव रे’ लिहून पाहिलं. फोन आला नाही, माल आला.

शेठची तऱ्हा उलटी. त्यांना रोमन मेल दिसला की चष्मा खाली ठेवतात. ‘‘हे वाचायचं म्हणजे आधी मोठ्यांदा म्हणायला लागतंय, मग आपल्याच कानानं ऐकायला लागतंय.’’ हे मात्र शंभर टक्के खरं. रोमनमध्ये लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो आणि तेवढाच वाचणाऱ्याचा जातो. एक मेल दहा जणांना गेला तर हिशेब कुणाच्या अंगावर येतो, ते कोणताही दिवाणजी सांगेल.

आमचे दिवाणजी हा तिसरा प्रकार. त्यांचं टंकलेखन जुन्या कृतिदेव फाँटात झालेलं. ते वर्डमध्ये शुद्ध मराठी टाइप करतात, उचलून मेलात टाकतात, आणि समोरच्याला ‘मराठी’ या शब्दाच्या जागी `ejkBh` दिसतं. कृतिदेवमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी रूप चढवलेलं असतं. फाँट गेला की रूप गेलं. युनिकोडमध्ये म हा सगळीकडे म-च राहतो. हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘‘माझ्या संगणकावर व्यवस्थित दिसतंय. तुमचा बिघडलाय.’’ एका खरेदीदाराने तर `ejkBh` हा पासवर्ड समजून जपून ठेवला होता.

शेवटी वखारीतल्या पोराच्या मोबाइलवर मी मराठी कीबोर्ड बसवून दिला. रोमन अक्षरं दाबायची, देवनागरी उमटते. गडी खूश. आकड्यांचा फतवा तो विसरणारच, म्हणून त्याला ‘साठ’ लिहिताना `h` घालायचंही पढवलं. संध्याकाळी त्याचा पहिला देवनागरी मेल आला, शेठनाही प्रत होती: ‘आज साथ पोती हळद पाठवली.’

शेठनी चष्मा लावून, न अडखळता, एका दमात वाचला आणि विचारलं, ‘‘कुणाची साथ?’’