पत्र्याचा डबा आणि लोखंडी शिडी

"चेसिसवाली गाडी तीच खरी गाडी. मोनोकॉक म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, ठोकर बसली की चेपला. म्हणून तर पिकअप आणि सगळ्या मोठ्या गाड्या चेसिसवर येतात. घरच्यांचा जीव प्यारा असेल तर हॅचबॅक घेऊ नका. पुढे पाठवा."

हा मेसेज मला लातूरच्या दाजींनी पाठवला. त्यांची स्वतःची पिकअप आहे, त्यामुळे त्यांचा जीव चेसिसवर असणारच.

आधी डब्याचं, म्हणजे मोनोकॉकचं बघू. त्यात खाली वेगळी चेसिस नसते, बॉडीच सांगाड्याचं काम करते. दाराचा किंवा बॉनेटचा पत्रा अंगठ्याने दाबला की आत जातो, हे खरं आहे. पण गाडीचा भार त्या पत्र्यावर नसतोच. दाराखालचा उंबरठा, काचेशेजारचे आणि दारांमधले खांब, छताच्या कडा आणि फरशी हे सगळं पोकळ पेटीसारखं घडवून एकमेकांना वेल्ड केलेलं असतं. मधल्या खांबात तर बऱ्याचदा साध्या पत्र्यापेक्षा कितीतरी पट ताकदीचं पोलाद असतं. चेसिसवाल्या गाडीत खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, म्हणजे शिडीच असते. बॉडी तिच्यावर रबरी गुटके ठेवून नटबोल्टने बसवतात. आता घरातली शिडी दोन टोकांना धरून पिळून बघा, ती पिळली जाते. झाकण लावलेली लोखंडी पेटी पिळून बघा, ती हलत नाही. म्हणजे पिळाला डबाच भारी पडतो.

मग पिकअपला शिडी का? कारण तिच्या पेटीचं झाकणच कापलेलं असतं. केबिनच्या मागे छत नाही, बाजूचे खांब नाहीत, नुसता उघडा हौदा. सोयाबीनचे 60 किलोचे 25 कट्टे टाकले की 15 क्विंटल वजन मागच्या चाकांवर आणि त्याच्या पुढेमागे बसतं. छत नसल्यामुळे हा भार वाटून घ्यायला वर काहीच उरत नाही, तो खालच्या पट्ट्यांनीच पेलायचा. शिवाय काळ्या रानातून बांध ओलांडताना एक चाक वर आणि एक खाली जातं. तेव्हा शिडी थोडी पिळते आणि केबिन नि हौदा सुटे असल्यामुळे दोन्ही न फाटता आपापले हलतात. त्यांच्यामधली फट याचसाठी ठेवलेली असते. त्याच शिडीवर हौद्याऐवजी पाण्याची टाकी किंवा दुधाची बंद बॉडीही बसते, हा आणखी एक फायदा.

दाजी, ती फट बघत जा. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी असताना फट खाली अरुंद आणि वर रुंद दिसायला लागली, तर ओव्हरलोडने चेसिस केबिनमागे वाकायला लागली असण्याची शक्यता आहे. तिथे खालून तडा शोधायचा.

आता चेपण्याचं. ताशी 64 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 18 मीटर. या वेगाने गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली आणि पुढचा भाग चेपत 60 सेंटिमीटरमध्ये केबिन थांबली, तर आतल्या माणसावर सरासरी त्याच्या वजनाच्या 27 पट जोर येतो. पुढचा भाग टणक राहून 30 सेंटिमीटरमध्येच थांबली, तर 54 पट. म्हणजे इंजिनाकडचा भाग चेपायलाच हवा, केबिन मात्र चेपता कामा नये. अपघातानंतर दारं हाताने उघडली का, हे बघितलं की केबिन टिकली की नाही याचा अंदाज येतो.

हे काम दोन्ही पद्धतींत नीट करता येतं आणि दोन्हींत बिघडवताही येतं. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत मोनोकॉक नेक्सॉनला 2018 मध्ये मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी 5 पैकी 5 तारे मिळाले. चेसिसवाल्या स्कॉर्पिओ-एनला 2022 मध्ये 5, आणि चेसिसवाल्याच बोलेरो निओला 2024 मध्ये 1.

मेसेजमध्ये खरं काही असेल तर ते वजनाचं. 2 टनांची पिकअप आणि 1 टनाची हॅचबॅक ताशी 50 ने समोरासमोर आदळून एकमेकांत अडकल्या, तर पिकअपचा वेग 33 ने बदलतो आणि हॅचबॅकचा 67 ने. मार छोटीलाच जास्त बसतो. पण हा फरक किलोंनी पाडलाय. मोनोकॉक गाडी तेवढीच जड असती तरी हिशोब हाच आला असता. आणि समोर उसाचा ट्रक असेल तर पिकअपही छोटीच.

"सगळ्या मोठ्या गाड्या" हेही चूक. फॉर्च्युनर चेसिसवर आहे, पण हॅरियर, सफारी, एक्सयूव्ही 700 मोनोकॉक आहेत. कुटुंब घेऊन समृद्धीवरून जायचं, तर छत असलेली पेटी पुरते आणि वजनही वाचतं. हॅचबॅकखाली शिडी घातली तर फरशी वर सरकेल, आतली जागा घटेल आणि मायलेज पडेल, बदल्यात मिळणार ती 15 क्विंटलची ताकद. ती शाळेच्या दप्तरांना लागत नाही.