‘ज्ञ’मध्ये द नाही

फिरत असलेला दावा असा: “ज्ञ म्हणजे द, न आणि य यांचं जोडाक्षर. मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते, म्हणून द्न्यान, प्रद्न्या हेच खरं मराठी लेखन. ज आणि ञ मिळून ज्ञ होतो ही पंडितांची समजूत, तिला पुरावा नाही. आणि तसं नसेल तर हिंदीवाल्यांचं ग्यान तरी कसं चालतं?”

पुराव्यापासून सुरुवात करू, कारण तो शोधायला ग्रंथालयात जावं लागत नाही. रोजच्या वापरातला ‘तज्ज्ञ’ शब्द घ्या. तो तद् + ज्ञ असा बनला आहे. ‘तद्’मधला द पुढच्या ज मुळे ज झाला, अगदी उद् + ज्वल याचं ‘उज्ज्वल’ होतं तसाच. ज्ञ ची सुरुवात द ने होत असती तर मागच्या द ला बदलायचं कारणच नव्हतं. उद् + देश याचं ‘उद्देश’ होतं, तिथे तो जागचा हलत नाही. दुसरा शब्द ‘जिज्ञासा’. इच्छा दाखवणाऱ्या अशा शब्दांत धातूच्या आरंभीचं व्यंजन त्याच्या आधी पुन्हा येतं: पा पासून पिपासा, ज्ञा पासून जिज्ञासा. पुन्हा आलं ते ज, द नव्हे. आता उरला ञ. यज् या धातूला न हा प्रत्यय लागतो, आणि ज च्या शेजारी न चा ञ होतो, म्हणून यज्ञ. याच् पासून ‘याच्ञा’ होते तीही याच नियमाने. पाणिनीने हा नियम सूत्रातच सांगितला आहे (८.४.४०).

संस्कृत बाजूला ठेवायचं म्हटलं तरी मराठी स्वतः साक्ष देते. ज्ञा वरून आपल्याकडे ‘जाणणे’ आलं. यज्ञोपवीताचं ‘जानवं’ झालं, प्रतिज्ञेची ‘पैज’, राज्ञीची ‘राणी’, विज्ञप्तीची ‘विनंती’. प्राकृतातून झिजत आलेल्या या शब्दांत कुठे ज टिकला, कुठे ञ चा ण किंवा न झाला, पण द एकातही नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या सातवाहनांच्या शिलालेखांत ‘राज्ञः’चं प्राकृत रूप ‘रञो’ असं कोरलेलं आहे. तिथे ज गळला आहे, ञ मात्र शाबूत आहे.

मग आपल्या तोंडात द येतो कुठून? ज उच्चारताना जीभ आधी टाळूला टेकून हवा अडवते आणि मग घासत सोडते. पुढे लगेच ञ आला की हवा नाकावाटे निघून जाते, घासण्याचा भाग होतच नाही, आणि नुसतं अडवणं उरतं ते कानाला द सारखं लागतं. ञ एकटा उच्चारायची सवय नसल्याने त्याचा ‘न्य’ होतो. हिंदीभाषकांच्या तोंडी हेच अडवणं मागे सरकून ग झालं, गुजरातीत ‘ग्न’ ऐकू येतं. उच्चार निरनिराळे, पण तत्सम शब्दांत लिहिताना सगळे ज आणि ञ च लिहितात. हिंदीतही ‘ज्ञान’ असंच छापतात, ‘ग्यान’ हे तिथेही बोलीचं किंवा थट्टेचं रूप. मराठीत ‘ग्य’ला एक हक्काची जागा मात्र आहे: ग्यानबा. ‘ग्यानबाची मेख’ लिहिताना कुणी तिथे ज्ञ घातला तर ती सुधारणा नव्हे, लुडबुड आहे.

‘बोलतो तसं लिहितो’ हे तत्त्व मराठीने सरसकट कधीच पाळलेलं नाही. आपण ‘सिंव्ह’ म्हणतो, ‘सिंह’ लिहितो. ‘ब्राम्हण’ म्हणतो, ‘ब्राह्मण’ लिहितो. ‘जग’ आणि ‘जन’ यांतले दोन ज वेगळे उच्चारतो, अक्षर एकच वापरतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांतही तत्सम शब्द मुळाप्रमाणे लिहायची दिशा आहे. संस्कृतपासून मुद्दाम वेगळं जायचं तिथे नियम तसं स्पष्ट सांगतात, उदाहरणार्थ ‘विज्ञप्ति’चा शेवट मराठीत दीर्घ होऊन ‘विज्ञप्ती’ होतो. ज्ञ बदलायला कोणताही नियम सांगत नाही.

‘द्न्यान’ ही खरं तर रोमन लिपीची सावली आहे. Dnyaneshwar, Pradnya ही रोमन रूपं मराठी उच्चारावर बेतलेली आहेत आणि रोमनमध्ये ती योग्यच आहेत. तीच अक्षरं अक्षरशः देवनागरीत परत आणणाऱ्या कीबोर्डवर dnyaan टाइप केलं की ‘द्न्यान’ उमटतं. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ज्ञ साठी Shift+5 ही स्वतंत्र कळ आहे, नाहीतर ज, हलन्त, ञ असं p, d, Shift+] ने टाइप करा, तोच ज्ञ मिळेल. संगणकात दोन्हींची साठवण अशी होते:

```
ज्ञ   = U+091C U+094D U+091E
द्न्य = U+0926 U+094D U+0928 U+094D U+092F
```

पहिल्या ओळीत ज, हलन्त आणि ञ आहेत. म्हणूनच ज्ञ टाइप करून एकदा बॅकस्पेस दाबला तर बहुतेक ठिकाणी ‘ज्’ उरतो. म्हणूनच साध्या शोधात ‘ज्ञान’ टाकल्यावर ‘द्न्यान’ लिहिलेली पानं सापडत नाहीत. कुठे ‘ज्‌ञ’ असं तुटक दिसलं तर हलन्तानंतर न दिसणारं U+200C हे चिन्ह घुसलेलं असतं. ते पुसलं की अक्षर जुळतं.

जुना मजकूर दुरुस्त करताना सगळ्या चुकांना एकच औषध नाही. ‘द्न्य’ आणि ‘ज्न्य’ यांच्या जागी ‘ज्ञ’ घालणं बिनधोक आहे, कारण मराठीत हे गट एरवी येत नाहीत. ‘ज्ञ्यान’, ‘प्रज्ञ्या’ यांतला जादा य ही तसाच काढता येतो: ञ चा ‘न्य’ उच्चार ज्ञ मध्ये आधीच आहे. पण ‘ग्य’ बदलायला गेलात तर भाग्य, योग्य, आरोग्य यांचा निकाल लागेल; तिथे फक्त पूर्ण शब्द शोधा.

सगळ्यात फसवा ‘तज्ञ’. बरोबर रूप ‘तज्ज्ञ’ (इन्स्क्रिप्टवर l, p, d, Shift+5), पण सरसकट ‘तज्ञ’च्या जागी ‘तज्ज्ञ’ घातलंत तर ‘कृतज्ञ’चं ‘कृतज्ज्ञ’ होईल आणि ‘गणितज्ञ’चं ‘गणितज्ज्ञ’. कृत आणि गणित स्वरान्त आहेत, त्यांना नुसता ज्ञ जोडला जातो. सर्वज्ञ, मर्मज्ञ, सुज्ञ, अज्ञ यांतही ज एकदाच. दुहेरी ज येतो तो ‘तद्’च्या शेवटच्या व्यंजनामुळे. तेव्हा शोधताना ‘संपूर्ण शब्द’ हा पर्याय निवडा, आणि तो देवनागरीत नीट चालत नसेल तर ‘तज्ञ’च्या आधी एक मोकळी जागा धरून शोधा. तज्ञांनी, तज्ञाचा अशी प्रत्यय लागलेली रूपंही त्यात सापडतात. ओळीच्या किंवा अवतरणाच्या सुरुवातीची मात्र डोळ्यांनीच पाहावी लागतात.