तीन मिसकॅरेज झाले तरी सगळे रिपोर्ट नॉर्मल

डोकं फिरलंय आज. पहिलं 9 व्या आठवड्यात गेलं, दुसरं 11 व्या, तिसरं 8 व्या, आणि दर वेळी तेच ऐकायचं, होतं असं, टेन्शन घेऊ नका, आराम करा. सोनोग्राफीवर दर वेळी गर्भाशय नॉर्मल. पाळीही वेळेवर, दुखायची भरपूर, पण ते कोणाला महत्त्वाचं वाटलंच नाही.

तिसऱ्यानंतर एचएसजी केली. डाय सोडून एक्स-रे काढतात ना, ती. दुखली खूप. फिल्मवर गर्भाशयाच्या जागी दोन शिंगं दिसली आणि रिपोर्टवर लिहिलं, बायकॉर्न्युएट. म्हणजे पिशवीच वरून दुभंगलेली, यावर काही करता येत नाही, असं सांगून मोकळे. मी महिनाभर रडत बसले. अरे पण एचएसजीत फक्त आतली पोकळी दिसते! बाहेरून पिशवी कशी आहे ते त्यात दिसतच नाही, आणि मध्ये पडदा असला तरी अगदी तशीच दोन शिंगं दिसतात. मग एवढ्या खात्रीने कसं लिहिता?

दुसऱ्या डॉक्टरांनी थ्रीडी सोनोग्राफी सांगितली, तीही पाळीच्या 22 व्या दिवशी, कारण तेव्हा आतलं अस्तर जाड असतं आणि पोकळीचा आकार स्वच्छ उमटतो. स्क्रीन माझ्याकडे वळवून त्यांनी कोरोनल व्ह्यू दाखवला, म्हणजे पिशवी समोरून. वरची बाहेरची कड एकदम सपाट, कुठे खाच नाही. बायकॉर्न्युएटमध्ये तिथे 1 सेंटीमीटरपेक्षा खोल खाच असते. आणि आत वरून खाली उतरलेला पडदा, 2 सेंटीमीटरच्या वर. हे सेप्टेट! आईच्या पोटात असताना दोन नळ्या जुळून गर्भाशय बनतं, तेव्हा मधली भिंत विरघळायला हवी होती, ती माझ्यात राहिली. एवढंच. आराम कमी पडला म्हणून काही झालं नव्हतं.

आणि हा फरक नुसता नावाचा नाहीये हो. पडदा हिस्टेरोस्कोपीने खालून कापता येतो, पोट उघडावं लागत नाही, पण तोच प्रकार बायकॉर्न्युएट पिशवीत केला तर मधोमध वरून आरपार भोक पडू शकतं. म्हणजे चुकीच्या शब्दावर एक तर नको ते ऑपरेशन, नाहीतर हवं ते कधीच नाही.

डॉक्टरांनी हेही सरळ सांगितलं की पडदा कापला म्हणजे मूल होईलच अशी गॅरंटी नाही, 2021 मध्ये आलेल्या 80 बायकांच्या ट्रायलमध्ये कापलेल्यांना जास्त मुलं झाली नाहीत, पण ट्रायल लहान होती त्यामुळे वाद चालूच आहे. ठीक आहे, हे कळल्यावर निर्णय माझा मी घेईन. पण पहिल्या दोन मिसकॅरेजनंतर हा एक व्ह्यू कोणी का नाही काढला? सुई नाही, डाय नाही, मला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. तिसरं जायच्या आधी कोणीतरी हे बघायला हवं होतं.