दोनच मिनिटं हं, बाई!

"स्वागताचं तुम्ही बोला. दोनच मिनिटं हं, बाई," असं मोठ्या बाई म्हणाल्या तेव्हा मी दुसरीच्या 37 पोरांचं कोळीगीत बसवत होते. त्या गोंगाटात मी कशालाही हो म्हटलं असतं.

रात्री लिहायला घेतलं. 'सन्माननीय व्यासपीठ'पासून निघून अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, संस्थेचे पदाधिकारी, शिक्षकवृंद, शिक्षकेतर कर्मचारी असं करत करत 'पालकहो'पर्यंत पोचले, तर पान भरलेलं. मोबाईलवर वेळ लावून मोठ्यानं वाचलं. 1 मिनिट 40 सेकंद. म्हणजे ज्यांचं स्वागत करायचं, त्यांच्या वाट्याला वीस सेकंद! शिवाय घरातली वेळ मंडपात चालत नाही. तिथे आपलं वाक्य समोरच्या इमारतीवर आपटून परत येतं, आणि ते येईपर्यंत आपल्याला गप्प उभं राहावं लागतं.

नवरा म्हणाला, "ही सगळी नावं सूत्रसंचालक घेणारच की." खरंच की! एका फटक्यात पाऊण भाषण गेलं. मग गेल्या वर्षीचं आठवलं. मी 'बालपणीचा काळ सुखाचा' म्हणत होते आणि पालक पडद्याखालच्या फटीतून दिसणाऱ्या पावलांवरून आपापलं पोर ओळखत होते. त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात: आपल्याचा नाच कितवा, आणि नंतर पोराला कुठून न्यायचं. तेवढं लिहिलं, वर प्रेमाची चार वाक्यं. कागद पदराआड खोचला.

प्रत्यक्षात तो कागद मिशा चिकटवताना डिंक पुसायला कधी वापरला गेला, ते मला कळलंच नाही. माईकसमोर उभी राहिले, घडी उलगडली, तर मधोमध एक काळीभोर मिशी. नेमकी प्रेमाच्या चार वाक्यांवर. ओढून पाहिली, तर वाक्यांसकट निघायला लागली.

"नमस्कार," मी म्हटलं, आणि पुढचं काही सुचेना म्हणून मिशीच वर धरली. "ही तुमच्यापैकी कुणाच्या तरी मुलाची आहे."

मंडप हसला. मग मीही सुटले. आत एकाला दोन्ही पाय पायजम्याच्या एकाच पायात घालायचेत, एकीला नथ टोचतेय पण काढायची नाहीये, आणि सगळ्यांनी मला तीन-तीनदा विचारलंय, "बाई, आई आली का?" तर आलात, बरं वाटलं. कोळीगीत चौथं आहे. मुलांना मागच्या दारानं सोडू, आजी-आजोबांना पुढे बसू द्या.

झालं! साउंडवाल्यानं अंगठा दाखवला. दीड मिनिट.

खाली उतरले, तर एक आई वाटेतच उभी. "बाई, ती मिशी आमच्याचीच ना? मला तेव्हाच वाटलं." तिच्या मागे आणखी दोघी होत्या, त्यांनाही तेव्हाच वाटलं होतं.

चौथ्या नंबराला पडदा उघडला. बिनमिशीचे कोळी मोजले. पाच.